आय-सेक्शनचा शिअर डायग्राम आणि जंक्शनवरची ती उडी : थोडी पार्श्वभूमी

आय-सेक्शनमध्ये आडवा फ्लेंज आणि उभा वेब जिथे जुळतात त्या जंक्शनवर शिअर स्ट्रेस एकदम उडी मारतो असं डायग्राममध्ये दाखवतात, आणि ती उडी येते शिअर स्ट्रेसच्या फॉर्म्युल्यातनं. τ = F·A·ȳ / (I·b) हा तो फॉर्म्युला सगळ्यांनी घोकलेला असतो: F म्हणजे शिअर फोर्स, A·ȳ म्हणजे त्या पातळीच्या पलीकडचा एरिया गुणिले त्याचं मध्यापासूनचं अंतर, I म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया आणि b म्हणजे त्या पातळीवरची रुंदी. पण तो मुळात स्टीलसाठी नव्हताच, लाकडासाठी होता. १८४० च्या दशकात रशियात सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेलाईनचे लाकडी पूल बांधणाऱ्या एका तरुण इंजिनिअरला प्रश्न पडला की जाड तुळई आडवी, रेषांच्या दिशेने का फाटते, कारण लाकूड त्या दिशेलाच सगळ्यात कच्चं. त्यातनं हे गणित निघालं. पुढे त्यानेच वेल्समधल्या ब्रिटानिया ब्रिजच्या रिवेटवर टीका केली, की मध्याकडे शिअर कमी होतो तर तिथे रिवेट लांब लांब ठेवले तरी चाललं असतं. म्हणजे जंक्शनवरच्या शिअर फ्लोचा, लांबीच्या दर मिमीमागे येणाऱ्या शिअरचा, विचार तेव्हाच सुरू झाला होता, फक्त हे नाव नव्हतं.

आता त्या b बद्दल, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. लाकडी तुळई अरुंद, तिथे रुंदीभर स्ट्रेस सारखाच असं धरलं तर फार बिघडत नाही. आय-सेक्शनच्या फ्लेंजला मात्र हे गृहीतक लागूच पडत नाही. एक सेक्शन घेऊ: फ्लेंज २०० × २० मिमी, वेब ३०० × १० मिमी, एकूण उंची ३४० मिमी. I येतो साधारण २२.७६ कोटी मिमी⁴. शिअर २०० किलोन्यूटन धरा. जंक्शनला A·ȳ म्हणजे २०० × २० × १६० = ६,४०,०००. आता b = १० टाकला तर ५६ एमपीए आणि b = २०० टाकला तर २.८ एमपीए. एकाच उंचीवर दोन उत्तरं, वीसपटीचा फरक, आणि परीक्षेत डायग्राममध्ये ती सरळ उडी काढली की पूर्ण मार्क.

पण फ्लेंजची खालची बाजू बघा ना, २०० पैकी १९० मिमी तर उघडीच आहे, हवेत. उघड्या पृष्ठभागावर शिअर शून्यच असायला हवा, मग तिथे २.८ उभा शिअर आला कुठून? कुठूनच नाही, तो नुसता सरासरी काढलेला आकडा आहे. फ्लेंजमधला खरा शिअर आडवा वाहतो, टोकाला शून्य आणि वेबकडे येईपर्यंत वाढत वाढत साधारण १४ एमपीए, म्हणजे त्या २.८ च्या पाचपट, आणि हा डायग्राममध्ये दिसतच नाही! माझ्या मते ही उडी शिकवतानाच थांबवायला हवी होती, पण पुस्तकांनी ती एकमेकांकडून उचलली.

यातनं सुटका शिअर फ्लो या शब्दाने झाली. विमानांच्या पातळ पत्र्यांच्या कामात तो रुळला. इथे b टाकायचाच नाही, नुसतं q = F·A·ȳ / I. आपल्या सेक्शनला जंक्शनवर q येतो ५६२ न्यूटन प्रति मिमी, आणि त्याचा हिशोब पाण्याच्या पाटासारखा जुळतो: वरच्या फ्लेंजच्या दोन्ही बाजूंनी २८१-२८१ येतं आणि वेबमध्ये ५६२ उतरतं. म्हणून नावात फ्लो, बाकी प्रत्यक्षात काही वाहत नाही. आय-सेक्शनमध्ये डावी-उजवी बाजू एकमेकांना काटतात, चॅनेलमध्ये, म्हणजे सी-आकाराच्या सेक्शनमध्ये, काटत नाहीत आणि वेबमधून लोड दिला तरी तो पिळतो. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चाचण्यांत दिसलं आणि १९२१ च्या सुमारास त्याचा उलगडा झाला.

फॅब्रिकेशनमध्ये हाच q वापरतात. रिवेटच्या काळात त्यावरून पिच, म्हणजे दोन रिवेटमधलं अंतर, काढायचे, आता वेल्ड. वेबच्या दोन्ही बाजूंना ६ मिमीचा फिलेट दिला तर थ्रोट ४.२ मिमी, एकेका वेल्डवर २८१, म्हणजे ६७ एमपीए. जंक्शनला b किती घ्यायचा हा प्रश्नच येत नाही. वेल्ड मध्येमध्ये सोडून दिला असेल तर मात्र q तेवढ्या लांबीत गोळा होतो, आणि सपोर्टजवळ, जिथे शिअर जास्त, तिथेच आधी तडा दिसतो.

कोडने मात्र या सगळ्याला वळसाच घातला. वेबच्या मध्यावर कमाल स्ट्रेस येतो ६६.१ आणि २०० किलोन्यूटनला नुसत्या वेबच्या एरियाने भागलं तर ६६.७, मग कोण पॅराबोला काढत बसेल? आयएस ८०० या स्टीलच्या भारतीय कोडच्या १९८४ च्या आवृत्तीत सरासरी शिअरला ०.४ fy आणि कमाल शिअरला ०.४५ fy अशा दोन मर्यादा होत्या, fy म्हणजे स्टीलचा यील्ड स्ट्रेस, २००७ मध्ये शिअर एरिया गुणिले fy/√३ असा हिशोब आला. त्यात रोल्ड सेक्शनला पूर्ण उंची धरायची आणि वेल्डेडला फक्त वेबची, त्यामुळे वरचाच सेक्शन रोल्ड समजून ३४० ने भागला तर ५८.८ येतात, म्हणजे खऱ्या कमाल आकड्यापेक्षा ११ टक्के कमी. रोल्डमध्ये कोपऱ्याला गोलाई असते, तिथलं जास्तीचं मटेरियल यात मोजलेलं नाही हे खरं, पण पहिल्यांदा बघणारा इथे हमखास अडखळतो, आणि वेल्डेड गर्डरला चुकून पूर्ण उंची धरलेल्या डिझाइन शीट मी स्वतः तपासल्या आहेत.