क्लीनरच्या बाटलीवरील धोकाचिन्हे आणि ‘मिसळू नका’ ही सूचना (जर्मन लेबल)

जर्मनीत विकल्या जाणाऱ्या घरगुती क्लीनरच्या बाटलीवर लाल कडेच्या, टोकावर उभ्या चौकोनात काळी चित्रे छापलेली असतात आणि त्यांच्याजवळ बारीक अक्षरांत जर्मन वाक्ये असतात. नोकरी किंवा शिक्षणासाठी तिथे गेलेली मराठी कुटुंबे फोनने लेबलाचा फोटो काढतात आणि त्याचे भाषांतर वाचतात. चित्रे भाषांतराशिवायही समजतात, म्हणून बहुतेकांची नजर तिथेच थांबते. पण बाटलीतला पदार्थ एकटा असताना काय करू शकतो, एवढेच ही चित्रे सांगतात. दुसऱ्या क्लीनरशी गाठ पडल्यावर काय होईल, यासाठी कायद्याने ठरवलेले चित्रच नाही. काही उत्पादक स्वतःहून त्यासाठी छोटे चित्र छापतात, मात्र बंधनकारक असते ते फक्त वाक्य. त्यामुळे फोटोत नेमके तेच वाक्य नीट यावे लागते.

चिन्हे युरोपीय संघाच्या 2008 च्या नियमानुसार ठरलेली आहेत. बाथरूममधील बुरशी काढणाऱ्या फवाऱ्यावर त्यांतली सहसा दोन-तीन दिसतात. हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडून दोन्ही झिजताना दाखवले असतील, तर द्रव त्वचा जाळू शकतो किंवा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. क्वचित ते फक्त धातू खाणारेही असते. नुसते उद्गारचिन्ह असेल, तर बहुधा जळजळ, खाज, डोळे चुरचुरणे एवढ्यावर भागते. वाळलेले झाड आणि मेलेला मासा पाण्यातील जीवांसाठीचा इशारा देतात. शेजारी एक शब्द ठळक असतो: Gefahr (गेफार) म्हणजे मोठा धोका, Achtung (आख्टुंग) म्हणजे त्याहून कमी. भाषांतरात दोन्हींना ‘सावधान’ म्हटले तर हा फरक नाहीसा होतो.

आता मिसळण्याचे वाक्य. विक्रीच्या क्लीनरमध्ये 1 टक्क्याहून जास्त सक्रिय क्लोरीन असेल, तर EUH206 या क्रमांकाचे ठरावीक वाक्य छापावेच लागते. क्रमांक लेबलावर असेलच असे नाही, शब्द मात्र हेच असतात:

Achtung! Nicht zusammen mit anderen Produkten verwenden, da gefährliche Gase (Chlor) freigesetzt werden können.

शब्दशः मराठीत: ‘सावधान! इतर उत्पादनांसोबत वापरू नका, कारण घातक वायू (क्लोरीन) बाहेर पडू शकतात.’ भाषांतर चुकीचे नाही, पण घरात पुरेसे पडत नाही. ‘इतर उत्पादने’ वाचून दुकानातली दुसरी बाटली डोळ्यांसमोर येते. व्हिनेगर, लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिडची पूड येत नाही. ‘सोबत’ म्हटले की एका बादलीत ओतणे आठवते, एकामागून एक त्याच फरशीवर मारणे आठवत नाही. घरच्या वापरासाठी हे वाक्य असे लिहावे: ‘हे मारलेल्या जागेवर दुसरा कुठलाही क्लीनर, व्हिनेगर, लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालू नका, आधी किंवा लगेच नंतरही नाही. विषारी वायू सुटतो.’

या वाक्यातला Nicht (निश्ट) म्हणजे ‘नको’ हा शब्द अगदी सुरुवातीला असतो, तर मराठीत नकार शेवटी येतो. फोटोत त्या शब्दावर ट्यूबलाइटची चमक पडली किंवा तो बाटलीच्या वळणापलीकडे गेला, तर हाती येते ते ‘इतर उत्पादनांसोबत वापरा’. अर्थ नेमका उलटा! म्हणून बाटली थोडी थोडी फिरवत, फ्लॅश बंद ठेवून, एकमेकांवर चढणारे तीन फोटो घ्यावेत. भाषांतरात कुठे ‘वापरा’ दिसले आणि त्याच वाक्यात वायूचा उल्लेख असला, तर मूळ ओळ डोळ्यांनी पाहून त्यात nicht शोधावे.

हा अपघात बाथरूममध्ये कसा घडतो ते पाहण्यासारखे आहे. थंडीत खिडक्या बंद राहिल्याने टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी धरते. जर्मनीच्या बऱ्याच भागांत पाणी जड असल्याने नळावर आणि शॉवरच्या काचेवर क्षाराचा पांढरा थर साचतो. साफसफाईच्या दिवशी माणूस दोन्ही कामे काढतो. बुरशीसाठी Schimmelentferner (शिमेल-एंटफेर्नर) मारून तो मुरण्यासाठी तसाच ठेवतो आणि तेवढ्या वेळात क्षारासाठीचा Entkalker (एंटकाल्कर) हाती घेतो. पहिल्यात बहुधा सोडियम हायपोक्लोराइट असते. ते अल्कधर्मी द्रावणात ठेवलेले असते, म्हणून क्लोरीन आत बांधलेले राहते. क्षार विरघळवणारा द्रव आम्लधर्मी असतो. आम्ल त्या द्रावणात उतरले की अल्कधर्मी गुण मोडतो आणि क्लोरीन वायू सुटतो. हवेहून जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे तो फरशीलगत साचतो, आणि खाली वाकून घासणाऱ्याचे तोंड नेमके तिथेच असते.

बुरशीच्या फवाऱ्याला स्वतःचा पोहण्याच्या तलावासारखा वास असतोच, त्यामुळे वास आला म्हणजे अपघात झाला असे नाही. वास एकदम तिखट झाला, डोळ्यांत पाणी आले, घसा आवळला आणि खोकला थांबेना, की वायू सुटला असे धरावे.

दोन बाटल्यांपैकी क्लोरीन कुठल्या बाटलीत आहे, हे घटकांच्या ओळीवरून कळते. Bleichmittel auf Chlorbasis म्हणजे क्लोरीनवर आधारित ब्लीच, Bleichmittel auf Sauerstoffbasis म्हणजे ऑक्सिजनवर आधारित. नुसते ‘ब्लीच’ एवढेच भाषांतर आले, तर मूळ शब्द पाहावा. Sauerstoff (झाउअरश्टॉफ) म्हणजे ऑक्सिजन आणि Säure (झॉयरे) म्हणजे आम्ल. नव्याने जर्मन शिकणाऱ्याला हे दोन शब्द सारखेच वाटतात. पुढे ‘5 टक्क्यांहून कमी’ असे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये, वरची सूचना 1 टक्क्याच्या पुढे गेले की लगेच लागू होते. आम्लाची बाटली या ओळीवरून ओळखता येत नाही, कारण आम्लाचा उल्लेख तिथे असेलच असे नाही. तिथे नाव पाहावे: Essig म्हणजे व्हिनेगर, Zitro म्हणजे लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिड, Kalk म्हणजे क्षार, आणि Entkalker. WC-Reiniger म्हणजे टॉयलेट क्लीनर दोन्हींपैकी कुठल्याही प्रकारचा असू शकतो, म्हणून त्याचे लेबल दर वेळी वाचावेच. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरशीही क्लोरीनची गाठ घालू नये. त्यातून क्लोरामाइनचे त्रासदायक वायू निघतात.

काम दोन्ही प्रकारांचे असेल, तर दोन वेगळ्या दिवशी करावे आणि प्रत्येक वेळी जागा भरपूर पाण्याने धुऊन खिडकी उघडी ठेवावी. चिकटपट्टीवर वरचे मराठी वाक्य ठळक लिहून ती बाटलीच्या पुढच्या बाजूला लावली, तर भारतातून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरेही ते वाचू शकतात. लेबलावरच लिहू नये, मूळ मजकूर झाकला जातो.

वायू सुटलाच तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडून दार लावून घ्यावे. सांडलेल्यावर पाणी ओतायला किंवा बाटली उचलायला परत आत जाऊ नये. श्वास लागत असेल तर 112 ला फोन करावा. त्रास सौम्य वाटला तरी विषबाधा सल्लाकेंद्राला विचारावे, कारण फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी उमटू शकतो. या केंद्राला Giftnotruf (गिफ्टनोटरूफ) म्हणतात. बर्लिनचा क्रमांक 030 19240 आणि म्युनिकचा 089 19240 आहे. जर्मनमध्ये Gift म्हणजे विष, हे इंग्रजी जाणणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. फोन करताना बाटलीचा फोटो समोर असू द्यावा. उत्पादनाचे पूर्ण नाव पहिल्यांदा विचारतात, आणि लेबलावर 16 अक्षर-अंकांचा UFI कोड असेल तर तोही सांगावा. त्यावरून केंद्राला नेमके मिश्रण कळते.