फोटोवरून वाइनच्या बाटलीची पारख

बाटली न उघडता, केवळ फोटोतल्या बूच, फॉइल आणि पातळीच्या खुणांवरून वाइन बिघडली असावी का, हे ताडण्याची पद्धत. पलूसच्या वाइन पार्कमुळे सांगलीला वाइन नवी नाही, पण घरोघरी ती थंड तळघरात नव्हे, माळ्यावर किंवा कपाटात राहते. त्यामुळे इथे पहिला संशय उन्हाळ्यावर घ्यावा.

वाइन २० वरून ४० अंशांवर गेली की बाटलीतली ७५० मिली वाइन साधारण ५ मिलीने फुगते. बुचाखालच्या मानेत मोकळी जागा असते दीडेक सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ४ मिली. मग दाबाने बूच वर सरकते किंवा त्याच्या कडेने वाइन झिरपते. रात्री बाटली निवते, तेव्हा त्याच वाटेने हवा आत ओढली जाते. उष्णतेइतकेच नुकसान ही हवाही करते.

फोटोसाठी बाटली दिवसभर उभी ठेवावी, कॅमेरा मानेच्या उंचीवर धरावा आणि उजेड मागून घ्यावा. वरून काढलेल्या फोटोत पातळी फसवते. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बाटलीतही ती अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाली दिसते.

समजा, सरळ खांद्यांची, तीन वर्षे जुनी रेड वाइन मिरजेत दोन उन्हाळे माळ्यावर राहिली आहे. फॉइलचा माथा घुमटासारखा उचललेला आहे आणि खालच्या कडेपासून लेबलापर्यंत जांभळट, चिकट ओघळ आला आहे. सरळ खांद्यांच्या बाटलीत एरवी पातळी काचेच्या तोंडापासून सुमारे ६३ मिमीवर, म्हणजे फॉइलच्या कडेपाशीच असते. फॉइल ६० मिमी लांब धरून तीच पट्टी म्हणून वापरली, तर इथे पातळी ८० मिमीवर भरते. मानेचा आतला व्यास साडेअठरा मिमी धरल्यास १७ मिमीची ही घट साडेचार मिली, चहाचा जवळपास एक चमचा. उचललेले बूच, ओघळ आणि घट तिन्ही जुळतात, तेव्हा उष्णतेने वाइन गळली हे जवळजवळ नक्की. ती भेट द्यायच्या लायकीची नाही. घरी उघडून वास घ्यावा, शिजवलेल्या फळासारखा किंवा व्हिनेगरसारखा आला तर ओतून द्यावी.

एकटी खूण मात्र दगा देते. वीस वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या बुडाशी येणे वयाला धरून आहे. बुचाच्या माथ्यावरची बुरशी बहुधा फक्त दमट साठवण सांगते. तळाशी साखरेसारखे दिसणारे खडे टार्ट्रेटचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे असतात, त्यांना बिघाड समजून बाटली परत करणारे बरेच. हिरव्या काचेतून व्हाइट वाइन तपकिरी पडल्याचे कळतच नाही. बुचातून येणारा कोंदट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास तर कोणत्याच फोटोत दिसत नाही.