पॅकेजसोबतची पुस्तिका: GOV.UK च्या स्क्रिप्टना नियम कसे जोडले गेले

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासाठी लिहिलेलं `govuk-frontend` हे स्क्रिप्टचं पॅकेज कोणालाही फुकट उतरवून घेता येतं. कोडचा परवाना MIT आहे, म्हणजे जवळपास काहीही करायची मुभा. त्या पॅकेजच्या फोल्डरमध्ये GDS Transport या टाइपफेसच्या फाइलीही येतात, पण त्या मात्र सगळ्यांना वापरता येत नाहीत. सेवा gov.uk च्या पत्त्यावर नसेल तर एरियल किंवा हेल्व्हेटिका वापरा, असं सोबतची मार्गदर्शिका सांगते. राजमुकुटाचं चिन्ह असलेल्या शीर्षपट्टीचंही तेच. हातात आलेलं सगळंच वापरायचं नसतं, हे कोड स्वतः सांगू शकत नाही. म्हणून सोबत पुस्तिका लागते.

या टाइपफेसचं मूळ रस्त्यावर आहे. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या महामार्गांवरच्या पाट्यांसाठी ट्रान्सपोर्ट हे अक्षर घडवलं, वेगात जाणाऱ्या चालकाला लांबून वाचता यावं म्हणून. पुढे कॅल्व्हर्ट आणि हेन्रिक कुबेल यांनी त्याची नवी आवृत्ती केली आणि 2012 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या GOV.UK ने ती घेतली. पाटी सरकारी आहे हे अक्षरावरूनच ओळखू यावं, हा गुण पडद्यावरही उतरला. खासगी साइटवर तेच अक्षर लावू न देण्याचं कारण मला यातच दिसतं: वाचणारा फसू शकतो.

सुरुवातीला हे सारं एका जागी नव्हतं. पानाचा साचा एका प्रकल्पात, रंग आणि मापं दुसऱ्यात, नमुने तिसऱ्यात. त्यांची नावं GOV.UK Template, Frontend Toolkit आणि Elements. तीन ठिकाणच्या आवृत्त्या जुळवत बसणं हे वापरणाऱ्यांचं काम होऊन बसे. 2018 मध्ये तिन्हींच्या जागी एक पॅकेज आणि एक डिझाइन सिस्टिम आली. तेव्हापासून नियम आणि कोड हातात हात घालून चालू लागले. टाइपफेसचा नियम पाळायला आता एक ओळ पुरते, फक्त ती पॅकेज आयात करण्याआधी लिहावी लागते:

```scss
$govuk-font-family: arial, sans-serif;
```

रंगांबाबत शहाणपण नावांत आहे. पुस्तिका सांगते की रंगाचा आकडा लिहू नका, त्याचं काम सांगणारं नाव लिहा, उदाहरणार्थ `$govuk-focus-colour`. 2019 च्या तिसऱ्या आवृत्तीत याचा उपयोग दिसला. आधी कीबोर्डने निवडलेल्या चौकटीभोवती नारिंगी रेघ येई आणि पांढऱ्यावर ती पुरेशी उठत नसे. तिच्या जागी पिवळा रंग आणि जाड काळी रेघ आली. नाव वापरणाऱ्यांकडे पिवळा आपोआप आला, आकडा लिहिणाऱ्यांच्या पानांवर नारिंगी तसाच राहिला. आपला प्रकल्प तपासायचा असेल तर कोडमध्ये जुन्या नारिंगीचा `#ffbf47` हा आकडा शोधा, सापडला की तिथे नाव वापरलेलं नाही असं समजायचं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाषेचा भाग, कारण शैलीची पुस्तिका बांधताना तोच शेवटी उरतो आणि घाईत उरकला जातो. इथे तो चूक दाखवणाऱ्या संदेशापर्यंत उतरला आहे. नाव लिहायचं राहिलं तर ‘तुमचं पूर्ण नाव लिहा’ एवढंच सांगायचं. ‘कृपया’ नको, कारण त्याने करणं न करणं मर्जीवर आहे असा भास होतो. ‘माफ करा’ नको, कारण त्याने चूक दुरुस्त व्हायला मदत होत नाही. ‘अवैध’ हा शब्दही नको.

हे संदेश सेवा बांधणारे लिहितात, पण काही वाक्यं खुद्द स्क्रिप्टमध्येच असतात. मजकुराच्या चौकटीखाली ‘इतकी अक्षरं शिल्लक’ हे जावास्क्रिप्ट टंकन चालू असताना लिहिते. ते इंग्रजीतच पक्कं बसवलं होतं आणि वेल्श पानावर खटके. पुढे ही वाक्यं बाहेरून देण्याची सोय झाली, तीही वचनांनुसार. वेल्शला सहा रूपं लागतात, मराठीला दोन: ‘1 अक्षर शिल्लक आहे’ आणि ‘5 अक्षरं शिल्लक आहेत’. एकच वाक्य ठेवलं तर क्रियापद चुकतं. मराठी सेवेसाठी असं पॅकेज बांधणाऱ्याने पुस्तिकेत या दोन्ही ओळी लिहूनच द्याव्यात, नाहीतर प्रोग्रामर आपल्या अंदाजाने एक लिहून मोकळा होतो.

बोधचिन्हाची कसोटी 2024 च्या फेब्रुवारीत लागली. राजा चार्ल्स यांनी आपल्या राजचिन्हासाठी ट्यूडर घडणीचा मुकुट निवडला होता, त्यामुळे GOV.UK वरचा मुकुट बदलला. पॅकेजचे साचे वापरणाऱ्यांनी नवी आवृत्ती घेतली. ज्यांनी शीर्षपट्टीचं HTML कधीतरी उचलून आपल्याकडे चिकटवलं होतं, त्यांना चित्र हाताने बदलावं लागलं, आणि ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह वेगळं तपासावं लागलं.