२९ वर्षांचा अनुभव, दोन पानांचा रेझ्युमे
(पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर नोकरी बदलणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘वय बघूनच बाजूला ठेवतात हो,’ हे वाक्य आमच्याकडे नेहमी ऐकू येतं. ते खोटं नाही. मोठ्या अनुभवाचा रेझ्युमे समोर आला की एचआरच्या मनात काही शंका येतात: पगार जास्त मागतील, नवीन सिस्टीम शिकणार नाहीत, वयाने लहान साहेबाचं ऐकतील का? या शंका तोंडावर कुणी बोलून दाखवत नाही. त्यामुळे त्यांचं उत्तर रेझ्युमेलाच द्यावं लागतं.

एक नमुना घेऊ. मेकॅनिकल डिप्लोमा करून १९९६ साली भोसरीतल्या एका कारखान्यात लागलेले, आता क्वालिटीमध्ये मॅनेजर असलेले गृहस्थ. जाहिरात आहे चाकणची, सप्लायर क्वालिटीची, अनुभव १२ ते १८ वर्षं. त्यांचा रेझ्युमे पाच पानी. पहिलं अर्धं पान ‘ऑब्जेक्टिव्ह’ आणि वैयक्तिक माहितीत गेलेलं: जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती. त्यानंतर नोकऱ्या, त्याही १९९६ पासून क्रमाने. म्हणजे आजचं काम थेट चौथ्या पानावर!

सगळ्यात महागात पडणारी ओळ मात्र वेगळीच होती: ‘टीएस १६९४९ चा अनुभव’. वाहन उद्योगातल्या या मानकाची जागा २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ ने घेतली. गृहस्थ तेव्हापासून आयएटीएफचीच ऑडिट देत आलेत, फक्त रेझ्युमेत नाव बदलायचं राहून गेलं. पोर्टलवर ‘आयएटीएफ’ टाकून शोधणाऱ्याला हा माणूस सापडणारच नाही, आणि सापडला तरी जुन्या काळात अडकलेला वाटेल. म्हणून आमचं पहिलं काम असतं जाहिरात आणि रेझ्युमे शेजारी ठेवून शब्द जुळवणं. जे काम तुम्ही खरोखर केलंय, त्याला जाहिरातीतलं आजचं नाव द्यायचं. न केलेलं काम घालायचं नाही. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

नंतर क्रम उलटा करायचा. सध्याची नोकरी आधी आणि सविस्तर. साधारण शेवटच्या पंधरा वर्षांना दीड पान द्यावं. त्याआधीच्या नोकऱ्या ‘पूर्वीचा अनुभव’ या मथळ्याखाली कंपनी आणि पद एवढ्याच, तीन-चार ओळींत. जन्मतारीख, शाळेचे टक्के आणि खालचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाका. डिप्लोमाचं वर्ष नाही लिहिलं तरी चालतं.

सविस्तर म्हणजे जबाबदाऱ्यांची यादी नव्हे. ‘प्लांटच्या क्वालिटीची संपूर्ण जबाबदारी’ या ओळीतून काहीच कळत नाही. तीच ओळ अशी झाली: ‘४० पुरवठादारांची ऑडिट, त्यांच्याकडून येणाऱ्या मालाचं रिजेक्शन १८ महिन्यांत १,२०० पीपीएमवरून ३५० वर.’ आकडे आठवत नसतील तर जुनी अप्रेझल पत्रं काढा, त्यात बहुधा मिळतात. आणि मागच्या दोन-तीन वर्षांत शिकलेली एक तरी गोष्ट वर दिसू द्या. एसएपीचं क्वालिटी मॉड्यूल रोज वापरत असाल तर तसं लिहा. त्या जागी एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लिहिलं, तर ‘नवीन शिकणार नाहीत’ ही शंका उलट पक्की होते.

फाइल साधी ठेवा. दोन रकाने, चौकटी, टेबलं यांत पोर्टलचं सॉफ्टवेअर गोंधळतं. तपासायचं कसं? सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे तारखा एकीकडे आणि कंपन्या दुसरीकडे गेल्या, तर समोरच्या सिस्टीमलाही बहुधा तसंच दिसणार.

आता मर्यादा. रेझ्युमे आटोपशीर करणं वेगळं आणि माहिती दडवणं वेगळं. पोर्टलवर ‘एकूण अनुभव’ विचारला की २९ च भरायचे, अर्जात जन्मतारीख मागितली की खरी द्यायची. नोकऱ्यांच्या तारखा पीएफच्या यूएएनवरून पडताळता येतात. तिथे तफावत निघाली तर हातात आलेली ऑफरही जाते. पण २९ भरल्यावर १२ ते १८ ची गाळणी लावणाऱ्याच्या यादीत तुम्ही येणार नाही, हेही खरं. त्यावर रेझ्युमेचा इलाज नाही. अशा जागेसाठी पोर्टलवर वाट बघत बसू नका. जुन्या सहकाऱ्यामार्फत किंवा ज्यांची ऑडिट केलीत त्या पुरवठादारांमार्फत रेझ्युमे थेट विभागप्रमुखाकडे पोचवा. वरच्या सारांशात ‘सप्लायर क्वालिटीत १४ वर्षं’ असं लिहिलं की त्याला हवं ते पहिल्या ओळीत मिळतं, आणि तेही खरंच असतं.

जाहिरातीत ‘कमाल वय ४०’ असं स्पष्ट छापलं असेल, तर त्या अर्जासाठी आम्ही पैसे घेत नाही. नोकरीची हमीही देत नाही.

येताना जुना रेझ्युमे (कितीही पानी असो), तुम्हाला खरोखर हव्या असलेल्या तीन जाहिरातींच्या प्रती, मागच्या काही वर्षांची अप्रेझल पत्रं आणि यूएएनवरची नोकऱ्यांची नोंद घेऊन या. पगाराचा किमान आकडा घरी बोलून ठरवून आलात तर बरं. तो पहिल्याच फोनवर विचारतात.