कोन तिसऱ्या चरणात, त्याचा अर्धा मात्र दुसऱ्या

गणित दिसायला साधं आहे. cos θ = −७/२५, आणि θ हा कोन १८० अंश ते २७० अंश यांच्या दरम्यान आहे. तर cos(θ/२), sin(θ/२) आणि tan(θ/२) यांच्या किमती काढा.

अर्ध्या कोनाचं सूत्र बहुतेकांना पाठ असतं: cos²(θ/२) = (१ + cos θ)/२. त्यात किंमत घातली की १ − ७/२५ म्हणजे १८/२५, त्याचं निम्मं ९/२५, आणि वर्गमूळ ३/५. साइनसाठी सूत्रात अधिकाच्या जागी उणे येतं, म्हणून (१ + ७/२५)/२ = १६/२५ आणि वर्गमूळ ४/५. टॅन म्हणजे साइन भागिले कोसाइन, म्हणून ४/३. आकडेमोड पूर्ण झाली, एकही बेरीज चुकली नाही, आणि तरी तीनपैकी दोन उत्तरं चूक आहेत. बरोबर उत्तरं आहेत cos(θ/२) = −३/५, sin(θ/२) = ४/५ आणि tan(θ/२) = −४/३.

चूक वर्गमूळ घेताना झाली. ९/२५ हा ३/५ चा वर्ग आहे, तसाच −३/५ चाही. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं आणि वर्गमूळ घेतल्याने ते आपोआप परत येत नाही. सूत्र इतकंच सांगतं की कोसाइनची किंमत या दोनांपैकी एक आहे. कोणती, हे सूत्राला ठाऊकच नसतं. ती माहिती गणितात दुसरीकडे दिलेली असते: ‘१८० ते २७० अंश’ या शब्दांत. अट वाचून सोडून दिली की उत्तराचा अर्धा भागच हातातून जातो.

चरणाशी चिन्हाचा संबंध कसा, हे एकक वर्तुळावर स्वच्छ दिसतं. आरंभबिंदूभोवती १ त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि उजव्या टोकापासून घड्याळाच्या उलट दिशेने एक बिंदू फिरवा. बिंदू जितका कोन फिरला, त्या कोनाचा कोसाइन म्हणजे बिंदूचं आडवं स्थान आणि साइन म्हणजे उभं स्थान. पहिल्या ९० अंशांत बिंदू उजवीकडे आणि वर असतो, म्हणून दोन्ही धन. ९० ते १८० मध्ये तो डावीकडे पण वरच, म्हणून कोसाइन ऋण, साइन धन. तिसऱ्या चरणात डावीकडे आणि खाली, दोन्ही ऋण. चौथ्यात उजवीकडे आणि खाली. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरून त्रिकोणमिती शिकलेल्याला हे आधी खटकतं, कारण तिथे बाजूंच्या लांब्या असतात आणि लांबी ऋण नसते. पण तो त्रिकोण पहिल्या चरणापलीकडे जातच नाही.

आता या गणितातली खरी मेख. प्रश्न θ च्या चरणाचा नाहीच, θ/२ च्या चरणाचा आहे. θ जर १८० आणि २७० च्या मध्ये असेल तर θ/२ हा ९० आणि १३५ च्या मध्ये येतो. म्हणजे मूळ कोन तिसऱ्या चरणात असला तरी त्याचा अर्धा दुसऱ्या चरणात पडतो. तिथे साइन धन आणि कोसाइन ऋण. म्हणून ४/५ आणि −३/५.

चरण अजिबात न पाहणाऱ्यापेक्षा चरण अर्धवट पाहणाऱ्याची चूक जास्त मजेशीर असते. तो म्हणतो, ‘θ तिसऱ्या चरणात, तिथे साइन आणि कोसाइन दोन्ही ऋण.’ मग तो cos(θ/२) = −३/५ आणि sin(θ/२) = −४/५ लिहितो, टॅन पुन्हा +४/३ येतो. यातलं कोसाइनचं उत्तर बरोबर आहे! परीक्षेत नुसता कोसाइन विचारला असता तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते, आणि विचार चुकीचा आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून असं गणित देणाऱ्याने तिन्ही किमती विचारलेल्या बऱ्या.

उत्तर तपासायचं कसं? cos θ = २cos²(θ/२) − १ यात किंमत परत घालून उपयोग नाही. त्यातही वर्ग आहे, त्यामुळे ३/५ घाला की −३/५, −७/२५ च येणार. तपासणीला वर्ग नसलेलं सूत्र हवं: sin θ = २ sin(θ/२) cos(θ/२). θ तिसऱ्या चरणात असल्यामुळे sin θ हा −२४/२५ असलाच पाहिजे. दोन्ही किमती धन घेतल्या तर गुणाकार +२४/२५ येतो, दोन्ही ऋण घेतल्या तरी तोच. दोन्ही चुका इथे पकडल्या जातात. चिन्हं परस्परविरुद्ध असतील तरच −२४/२५ मिळतं.

कॅल्क्युलेटरवर भरवसा ठेवला तर? −०.२८ चा व्यस्त कोसाइन विचारला की तो १०६.२६ अंश दाखवतो. हा कोन दुसऱ्या चरणातला आहे, आपला नव्हे. कॅल्क्युलेटरची यात चूक नाही. −०.२८ कोसाइन असलेले कोन असंख्य आहेत, त्यातला एकच दाखवायचा म्हणून तो ०ते १८० अंशांमधला निवडतो. त्याचं निम्मं ५३.१३ अंश, त्याचा कोसाइन +०.६, आणि आपण पुन्हा त्याच चुकीच्या चिन्हापाशी. आपला कोन मिळवायचा तर ३६० मधून १०६.२६ वजा करावे लागतात. मग येतात २५३.७४ अंश, निम्मे १२६.८७ अंश, आणि त्याचा कोसाइन −०.६.

गणितात ‘१८० ते २७०’ ऐवजी फक्त ‘θ तिसऱ्या चरणात आहे’ असं दिलं असतं तर काय झालं असतं? २५३.७४ मध्ये एक पूर्ण फेरा मिळवून होणारा ६१३.७४ अंशांचा कोनही तिसऱ्याच चरणात येतो. त्याचा अर्धा मात्र ३०६.८७, म्हणजे चौथ्या चरणात. तिथे कोसाइन +३/५ आणि साइन −४/५. त्यामुळे नुसत्या चरणाच्या माहितीवर या दोघांची चिन्हं ठरवता येत नाहीत. मूळ कोनात ३६० ची भर पडली की अर्ध्या कोनात १८० ची पडते, आणि अर्धा फेरा फिरला की साइन आणि कोसाइन दोन्ही चिन्ह बदलतात.

टॅन मात्र यातून सुटतो. दोघांची चिन्हं एकदम उलटल्यामुळे भागाकार तोच राहतो, आणि दोन्ही वेळा −४/३ च येतं. म्हणून टॅनसाठी वर्गमूळ नसलेलं सूत्रही आहे: tan(θ/२) = sin θ/(१ + cos θ). छेद कधीच ऋण होत नाही, म्हणून टॅनला sin θ चंच चिन्ह मिळतं. इथे −२४/२५ भागिले १८/२५, म्हणजे सरळ −४/३. चरणाची गरज या वाटेनेही टळत नाही. sin θ चं मूल्य २४/२५ नसून −२४/२५ आहे, हे ठरवतानाच ती लागलेली असते.