सोळा की आठ?

जानेवारी-फेब्रुवारीत कोल्हापूरच्या आसपास बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला डेंगळे येतात. अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन, मुलांना दाखवायला त्यांच्या गोंड्यांतल्या न उमललेल्या कळ्या आम्ही सकाळीच तोडतो आणि तीन भाग अल्कोहोल व एक भाग अ‍ॅसिटिक आम्लात बुडवतो. पेशी आहे त्याच अवस्थेत थांबतात. दुसऱ्या दिवशी कळीतला परागकोश काढायचा, त्यावर अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकायचा, स्लाइड जरा शेकायची आणि वरून अंगठ्याने दाबायचं.

मुलं इथे हमखास चुकतात. कळी फार मोठी असली तर आत तयार परागकणच दिसतात. फार लहान असली तर साधं विभाजन दिसतं आणि मुलं तेच अर्धसूत्री विभाजन समजून चित्र काढतात. ओळखायचं कसं? मोजून. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. साध्या विभाजनात ती मध्यरेषेवर एकेकटी येतात, प्रत्येक उभं दुभंगतं आणि दोन्ही पेशींना पुन्हा १६ मिळतात. मुळाच्या टोकाच्या स्लाइडमध्ये दिसतं ते हेच. अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत मात्र मध्यरेषेवर ८ ठिपके दिसतात, कारण आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र जोडीने उभं असतं. मग जोड्या फुटून ८-८ अशी वाटणी होते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक गुणसूत्र दुभंगतं आणि एका पेशीच्या चार होतात.

त्या जोड्यांकडे निवांत बघा. एखादी कडीसारखी, एखादी फुलीसारखी दिसते. जिथे दोन धागे एकमेकांवरून गेलेले दिसतात, त्या जागेला कायझ्मा म्हणतात. तिथे क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे दोन धाग्यांत तुकड्यांची अदलाबदल, झालेलं असतं. प्रत्यक्ष तुटणं-जुळणं आधीच, गुणसूत्रं बारीक असताना उरकलेलं असतं. स्लाइडवर दिसते ती त्याची खूण.

समजा, वडिलांकडच्या गुणसूत्रावर क आणि ख ही जनुकं आहेत, आईकडच्यावर त्याच जागी ग आणि घ. विभाजनाआधी प्रत्येकाची एक नक्कल झालेली असते, म्हणजे धागे चार. त्यांतल्या वडिलांकडच्या एका आणि आईकडच्या एका धाग्याने क-ख च्या मधे तुकडे बदलले, तर चार पेशींत क-ख, क-घ, ग-ख आणि ग-घ असे चार वेगळे धागे जातात. क-घ ही सांगड आईतही नव्हती, वडिलांतही नव्हती. आठ जोड्यांतलं कोण कुठल्या बाजूला जाईल, एवढ्यानेच २५६ मिश्रणं होतात. पण त्यात अख्खी गुणसूत्रंच फिरतात. एकाच गुणसूत्रावरची सांगड मोडायला क्रॉसिंग ओव्हरच लागतं.

मला स्वतःला कायझ्म्याचं दुसरं काम जास्त विलक्षण वाटतं. पहिल्या फेरीपर्यंत जोडी बांधून ठेवणारी गाठ तीच असते. ती पडली नाही, तर दोन्ही जोडीदार सुटे होतात आणि कधी कधी एकाच बाजूला जातात. मग ७-९ अशी वाटणी होते आणि त्यातले बरेच परागकण पोकळ निघतात. अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये भरलेले परागकण लाल दिसतात, पोकळ तसेच फिके राहतात.