वेळापत्रकातलं अंतर आणि किमान अंतराचा नियम: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

सोशल मीडियाच्या पोस्ट आपोआप सोडणाऱ्या रांगेतून एका मिनिटात चार पोस्ट सुटल्या की एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं: "पण आम्ही तर दोन पोस्टमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवलं होतं." ठेवलं होतं हे खरंच. पण ते वेळापत्रकात ठेवलं होतं. पोस्ट प्रत्यक्ष सोडणाऱ्या प्रोग्रामला त्या अंतराची काहीच कल्पना नव्हती. ही गल्लत इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा दिसते की दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून एकदा नीट सांगायलाच हव्यात.

वेळापत्रक सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. ९ वाजता एक, साडेनऊला दुसरी, १० ला तिसरी. प्रत्येक पोस्टच्या नोंदीत एक वेळ लिहिलेली असते आणि त्या वेळेचा अर्थ एवढाच की याच्या आधी ही पोस्ट सोडू नये. शेजारच्या पोस्टशी तिचा काहीही संबंध नसतो.

किमान अंतराचा नियम वेगळाच प्रश्न विचारतो. "या पोस्टची वेळ झाली का?" हा त्याचा प्रश्न नाही. "शेवटची पोस्ट खरोखर कधी बाहेर पडली, आणि त्याला पुरेसा वेळ झाला का?" हा त्याचा प्रश्न आहे. तो विचारायचा क्षणही वेगळा: पोस्ट रांगेत घालताना नव्हे, तर ती सुटण्याच्या अगदी आधी. पहिली गोष्ट ठरवलेल्या वेळांवर चालते, दुसरी घडलेल्या वेळांवर. सगळं सुरळीत असेल तेव्हा या दोन्ही वेळा जुळतात, म्हणून फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

जुळत नाहीत तेव्हा काय होतं ते एका उदाहरणात पाहू. रांगेत दर अर्ध्या तासाला एक पोस्ट आहे: ९:०० ला फेसबुक, ९:३० ला इन्स्टाग्राम, १०:०० ला मॅस्टोडॉन, १०:३० ला ब्लूस्काय, ११:०० ला पुन्हा फेसबुक, आणि असंच पुढे दिवसभर. पोस्ट सोडणारा सर्व्हर ८:५० ला बंद पडला आणि ११:०५ ला सुरू झाला. बहुतेक रांगांच्या पोटात अशी एक ओळ असते:

```sql
SELECT * FROM posts
WHERE due_at <= now() AND published_at IS NULL;
```

११:०५ ला या ओळीच्या दृष्टीने पाचही पोस्टची वेळ होऊन गेलेली असते. त्यामुळे पाचही हातात येतात आणि काही सेकंदांत बाहेर पडतात. प्रोग्राम चुकला नाही. त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. वेळापत्रकातलं अर्ध्या तासाचं अंतर सर्व्हर बंद असतानाच संपून गेलं होतं.

आता इथे कोणी म्हणेल, "प्रत्येक खात्याला वीस मिनिटांचा नियम लावा." याच उदाहरणात तो लावून पाहा. फेसबुकची दुसरी पोस्ट ११:२५ पर्यंत थांबेल. पण फेसबुकची पहिली, इन्स्टाग्राम, मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या चारही ११:०५ लाच सुटतील, कारण प्रत्येक खाते फक्त स्वतःचाच इतिहास बघतं. जो माणूस तुम्हाला दोन-तीन ठिकाणी फॉलो करतो त्याच्या फोनवर सगळ्या सूचना एकदमच वाजणार. माझं मत ठाम आहे: नियम सर्व प्लॅटफॉर्मना मिळून एकच हवा. रांगा वेगळ्या असू द्या, पण बाहेर पडायचं फाटक एकच ठेवा. एकाच प्लॅटफॉर्मवरच्या दोन पोस्टमध्ये आणखी मोठं अंतर हवं असेल तर तो दुसरा नियम या सामाईक नियमाच्या वर चढवा, त्याच्या जागी नको.

सामाईक वीस मिनिटांचा नियम असता तर त्याच पाच पोस्ट ११:०५, ११:२५, ११:४५, १२:०५ आणि १२:२५ ला गेल्या असत्या. तोवर साडेअकराची पोस्टही येऊन थांबलेली असते, ती १२:४५ ला जाते. म्हणजे पहिली पोस्ट १२५ मिनिटं उशिरा, दुसरी ११५, तिसरी १०५. प्रत्येक पोस्टमागे दहा मिनिटं भरून निघतात, कारण वेळापत्रक तीस मिनिटांचं आहे आणि नियम वीसचा. दुपारी ३ ची पोस्ट ३:०५ ला जाते आणि साडेतीनपासून गाडी वेळेवर येते.

याच ठिकाणी आणखी एक चूक होते. लोक नियमातलं अंतर आणि वेळापत्रकातलं अंतर एकच ठेवतात: तीस आणि तीस. तसं केलं तर पहिली पोस्ट १२५ मिनिटं उशिरा जाईल, विसावीही १२५ मिनिटं उशिराच जाईल. उशीर भरून काढायला जागाच उरत नाही. वेळापत्रकात रिकामी फट येईपर्यंत, बहुधा रात्रीपर्यंत, सगळं दोन तास मागेच चालतं. म्हणून नियमातलं अंतर वेळापत्रकातल्या अंतरापेक्षा लहानच हवं. मी साधारण दोन तृतीयांश ठेवतो.

उशिरा जाणारी प्रत्येक पोस्ट जायलाच हवी असंही नाही. साडेनऊच्या इन्स्टाग्राम पोस्टमध्ये "१० वाजता थेट प्रक्षेपण" असं लिहिलं असेल तर ती ११:२५ ला सोडणं निव्वळ दिशाभूल आहे. प्रत्येक पोस्टला सुटायच्या वेळेसोबत बाद होण्याची वेळही द्या. ती पोस्ट वगळली की तिच्यानंतरच्या साचलेल्या पोस्ट वीस मिनिटं आधी जातात आणि रांग साडेतीनऐवजी अडीचलाच वेळेवर येते.

फाटक बांधताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली: "शेवटची पोस्ट कधी गेली ते वाच, पुरेसा वेळ झाला असेल तर सोड" असं दोन पायऱ्यांत लिहू नका. रांग उपसणारे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू असले की दोघेही तीच जुनी वेळ वाचतात, दोघांनाही रस्ता मोकळा दिसतो आणि दोन्ही पोस्ट एकदम जातात. तपासणं आणि ताबा घेणं एकाच आज्ञेत हवं. पोस्टग्रेसमध्ये, फाटकाची एकच ओळ असलेल्या `gate` या तक्त्यावर, ते असं होतं:

```sql
UPDATE gate
SET next_free_at = now() + interval '20 minutes'
WHERE id = 1 AND next_free_at <= now();
```

एक ओळ बदलली तर पोस्ट सोडा, शून्य ओळी बदलल्या तर थांबा. दोघे एकदम आले तरी दुसऱ्याला पहिल्याचं काम संपेपर्यंत अडवलं जातं, मग अट पुन्हा तपासली जाते आणि त्याच्या वाट्याला शून्य येतं. ही आज्ञा लगेच कमिट करा. ती उघडी ठेवून नेटवर्कवर पोस्ट पाठवत बसू नका.

दुसरी गोष्ट इन्स्टाग्राममुळे चटकन कळते. तिथे बाहेरून पोस्ट करणं दोन टप्प्यांत होतं: आधी कंटेनर, म्हणजे पोस्टचा अजून न दिसणारा मसुदा, तयार करायचा, मग `media_publish` बोलावून तो प्रकाशित करायचा. व्हिडिओ असेल तर मधे प्रक्रिया चालते आणि स्थिती `IN_PROGRESS` वरून `FINISHED` व्हायला काही मिनिटं जाऊ शकतात. फाटकाचा ताबा पहिल्या टप्प्यालाच घेतला तर अंतर चुकीच्या क्षणापासून मोजलं जातं. व्हिडिओ अठरा मिनिटांनी बाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग दोन मिनिटांत पुढची पोस्ट जाते. म्हणून कंटेनर आधीच तयार ठेवा आणि फाटक `media_publish` च्या अगदी आधी घ्या. फार आधीही करून ठेवू नका, न वापरलेला कंटेनर २४ तासांनी बाद होतो.

पोस्ट फसली तर फाटक लगेच मोकळं करायचं का? समोरून स्पष्ट नकार आला असेल तर हो. उत्तरच आलं नसेल, नुसता टाइमआउट झाला असेल, तर अजिबात नाही. पोस्ट तिकडे पोहोचलेली असू शकते. आधी खात्यावर जाऊन ती आहे का ते तपासा, मगच पुन्हा प्रयत्न करा.

बाकीच्या गल्लती थोडक्यात. प्लॅटफॉर्मची दरमर्यादा तुमचं रक्षण करेल हा समज सोडा. ती त्यांच्या सर्व्हरसाठी असते. ब्लूस्कायची मर्यादा तासाला ५,००० गुणांची आहे आणि एका नव्या नोंदीला ३ गुण लागतात, म्हणजे तासाला १,६६६ नोंदी. मॅस्टोडॉनमध्ये मूळ मांडणीनुसार एका खात्याला पाच मिनिटांत ३०० विनंत्या चालतात. तुमच्या पाच पोस्ट त्यांच्या खिजगणतीतही नाहीत. तसंच मॅस्टोडॉनची `scheduled_at` ही वेळ किमान पाच मिनिटं पुढची असावी लागते. ते अंतर आत्तापासून मोजलेलं आहे, दोन पोस्टमधलं नाही. पाच पोस्टना एकच वेळ दिली तरी ही अट पूर्ण होते.

आणि यातूनच माझा सर्वांत मोठा आक्षेप. काही पोस्ट आपल्या रांगेत आणि काही प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या वेळ लावण्याच्या सोयीत, असं मिश्रण करू नका. एकदा पोस्ट तिकडे सोपवली की ती तुमच्या फाटकातून जातच नाही. ती ठरल्या मिनिटाला सुटणार, मग तुमच्या रांगेने तीस सेकंदांपूर्वीच दुसरी सोडलेली का असेना. सामाईक नियम हवा असेल तर सगळ्या पोस्ट शेवटच्या क्षणापर्यंत आपल्याच हातात ठेवाव्या लागतात.

थ्रेडला मात्र एकच पोस्ट माना. त्याचे तुकडे वीस-वीस मिनिटांनी सोडले तर वाचणाऱ्याला अर्थच लागणार नाही. फाटक एकदा घ्या, सगळे तुकडे सोडा, आणि शेवटचा तुकडा गेल्यावर `next_free_at` पुन्हा पुढे ढकला.

नियम खरोखर चालतो का हे रांगेच्या पडद्यावर कळत नाही, कारण तिथे ठरवलेल्या वेळाच दिसतात. सर्व प्लॅटफॉर्मच्या प्रत्यक्ष प्रकाशनाच्या वेळा एकाच यादीत क्रमाने लावा, लागोपाठच्या दोन वेळांची वजाबाकी करा आणि सर्वांत लहान आकडा पाहा. सरासरी पाहू नका. दिवसभर तीस मिनिटांचं अंतर आणि एकदाच चार सेकंदांचं, तरी सरासरी छानच दिसते. लहान आकडा सापडला आणि त्या दोन पोस्टच्या ठरवलेल्या वेळा एकमेकींपासून लांब असतील, तर साचलेली रांग एकदम सुटली आहे. पण त्यातली एक पोस्ट कोणी हाताने टाकलेली असेल, तर तातडीच्या पोस्टचा मार्ग तपासा. तातडीची पोस्ट फाटकाशी न थांबता जाऊ शकते, पण जाताना तिनेही `next_free_at` वीस मिनिटं पुढे ढकलायला हवं. नाहीतर तिच्या पाठोपाठ रांगेतली पुढची पोस्ट तशीच निघून जाते.